वीस मीटर की पाच सेंटिमीटर?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात आणि प्रवेशपरीक्षांच्या सरावसंचांत एक गणित हमखास असतं. दोरीला टांगलेला लाकडी ठोकळा. समोरून आडवी गोळी येते, ठोकळ्यात शिरून रुतते आणि गोळीसकट ठोकळा झोका घेतो. तो किती उंच चढेल, एवढंच विचारलेलं असतं.

आपण आकडे घेऊनच बघू. गोळी १० ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटर. ठोकळा ३.९९ किलोचा, म्हणजे गोळी धरून बरोबर चार किलो. दोरी दोन मीटर लांब. गोळीची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे तिच्यात असलेली ऊर्जा, भरते ८०० जूल. ऊर्जा नष्ट होत नाही हे शाळेपासून पाठ झालेलं असतं, म्हणून पुष्कळ विद्यार्थी सरळ मांडतात की हे ८०० जूल ठोकळा वर उचलण्यात खर्ची पडतील. चार किलोचं ओझं एक मीटर वर न्यायला सुमारे ३९ जूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं वीस मीटर आणि थोडं वर. दोरी पुरेशी लांब असेल तर ठोकळा सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत पोचायला हवा.

पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर मात्र असतं ५.१ सेंटिमीटर. जेमतेम करंगळीएवढं.

दोन्ही उत्तरांत चारशे पटींचा फरक आहे. प्रयोग केला तर छापलेलं उत्तरच खरं ठरतं. मग ऊर्जेचा नियम चुकला का? नाही. तो लावला गेला चुकीच्या जागी. शिकवणीत यावर एक तोडगा पाठ करून घेतात: आधी संवेग, मग ऊर्जा. तोडगा बरोबर आहे, पण तो का बरोबर आहे हे न कळता पाठ केला, की प्रश्न जरा फिरवून विचारला तरी गाडी अडते. कारण समजायचं तर गोळी लाकडात शिरत असतानाचा तो क्षण उलगडून बघावा लागतो.

अर्ध्या मिलिसेकंदात काय घडतं

समजा गोळी लाकडात १० सेंटिमीटर खोल जाऊन थांबली, आणि लाकडाचा अडथळा सगळीकडे सारखाच होता. आत शिरताना गोळीचा ठोकळ्याच्या तुलनेतला वेग ४०० पासून शून्यावर येतो, म्हणजे सरासरी २००. या वेगाने १० सेंटिमीटर जायला लागतात ०.०००५ सेकंद. सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही अर्धा. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

एवढ्या वेळात गोळीचा वेग जवळजवळ संपवायचा, तर लाकडाने तिला प्रचंड जोराने अडवायला हवं. हिशोब केला तर हे बल येतं ७,९८० न्यूटन. साधारण आठशे किलोच्या वजनाएवढं! न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे लाकूड गोळीला मागे ढकलतं तेव्हा गोळीही लाकडाला तेवढ्याच जोराने पुढे ढकलते. बल तेच, दिशा उलट.

आणि दोघांवर हे बल किती वेळ चाललं? अगदी सारखाच वेळ. गोळी लाकडाला ढकलत असते तेवढाच वेळ लाकूड गोळीला ढकलत असतं. बल गुणिले वेळ म्हणजेच संवेगातला बदल. आणि संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बल सारखं आणि वेळही सारखा, म्हणून गोळीने जेवढा संवेग गमावला तेवढाच, रतीभरही कमी नाही, ठोकळ्याला मिळाला. लाकूड फाटलं, तापलं, गोळी चपटी झाली, यांपैकी कशानेही या हिशोबाला धक्का लागत नाही. संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत इथे जो खरा ठरतो तो या साध्या कारणाने.

एक शंका उरते. ठोकळा काही मोकळा नाही, तो दोरीला बांधलेला आहे. दोरी मध्ये पडून संवेग खाणार नाही का? तेही मोजून बघता येतं. अर्ध्या मिलिसेकंदात ठोकळा शून्यापासून सेकंदाला एक मीटर या वेगापर्यंत जातो, म्हणजे सरासरी अर्धा मीटर. तेवढ्या वेळात तो सरकतो फक्त पाव मिलिमीटर. दोन मीटरची दोरी पाव मिलिमीटरने कलली, तर ती जवळजवळ उभीच आहे. तिची आडवी ओढ भरते सुमारे ०.००५ न्यूटन. एकीकडे आठ हजार न्यूटन, दुसरीकडे न्यूटनचा दोनशेवा भाग. दोरीला मध्ये पडायला वावच मिळत नाही. गुरुत्वाकर्षण तर खाली ओढतं, आडव्या हिशोबाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून टकरीपुरतं गणित सोपं होतं. गोळीचा आधीचा संवेग ०.०१ गुणिले ४०० म्हणजे ४. नंतर तोच संवेग चार किलोंच्या जोडीत आहे. म्हणजे जोडीचा वेग सेकंदाला एक मीटर.

ऊर्जेचा हिशोब का फसतो

आता तेच बल ऊर्जेच्या बाजूने पाहू. ऊर्जेत किती बदल झाला हे बल गुणिले वेळ यावरून ठरत नाही. बल गुणिले अंतर यावरून ठरतं. आणि इथे गोळी नि ठोकळा यांचं जुळत नाही.

गोळी अडवली जात असताना दहा सेंटिमीटर लाकूड भेदून गेली, शिवाय ठोकळ्याबरोबर पाव मिलिमीटर पुढे सरकली. ठोकळा मात्र नुसता पाव मिलिमीटर सरकला. ७,९८० न्यूटन गुणिले पाव मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन जूल. ठोकळ्याच्या वाट्याला आलेली ऊर्जा एवढीच. उरलेल्या दहा सेंटिमीटरचं काम म्हणजे ७,९८० गुणिले ०.१, म्हणजेच ७९८ जूल. ते सगळं लाकडाचे तंतू तोडण्यात, गोळी वाकवण्यात आणि घर्षणाच्या उष्णतेत गेलं.

मार्केट यार्डातली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. गाडी उभी आहे, चाकं मोकळी आहेत, आणि हमालाने जड पोतं जोराने तिच्या फळ्यांवर आडवं सरकवून दिलं. पोतं फळ्यांवर फरफटत पुढे जातं, मग थांबतं, आणि गाडी पोत्यासकट हळूच पुढे निघते. फळ्यांनी पोत्याला मागे ओढलं नि पोत्याने फळ्यांना पुढे, दोन्ही सारख्याच जोराने नि सारखाच वेळ. पण पोतं हातभर फरफटलं नि तेवढ्या वेळात गाडी बोटभर सरकली. फरफटीच्या त्या अंतरात जी ऊर्जा गेली, ती गाडीच्या वाट्याला कधी आलीच नाही. ती पोत्याच्या तळाला नि फळ्यांना लागलेल्या उष्णतेत गेली. गोळीची फरफट लाकडाच्या पोटात होते म्हणून दिसत नाही, एवढाच फरक.

मला या गणितातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन नियमांपैकी एक भरवशाचा नि दुसरा बेभरवशाचा असं काही नसतं. दोघांवर बल चालण्याचा वेळ सारखा असणं भागच आहे, पण अंतर सारखं असण्याची सक्ती नाही. म्हणून संवेग पुरेपूर हातात येतो आणि गतिज ऊर्जा गळते.

किती गळते, यालाही सोपा नियम आहे. रुतून बसणाऱ्या टकरीनंतर गतिज ऊर्जेचा जो भाग शिल्लक राहतो तो असतो गोळीचं वस्तुमान भागिले दोघांचं मिळून वस्तुमान. आपल्या उदाहरणात १० ग्रॅम भागिले ४,००० ग्रॅम, म्हणजे एक चारशेवा भाग. ८०० जूलपैकी दोन. सुरुवातीच्या दोन उत्तरांतला चारशे पटींचा फरक नेमका इथून आला. ठोकळा जितका जड, तितकी गळती जास्त.

हे ७९८ जूल ऐकायला मोठे वाटतात, पण उष्णता म्हणून ते फार नाहीत. पेलाभर पाण्यात घातले तर पाणी जेमतेम एक अंशाने तापेल. म्हणून ठोकळ्याला हात लावून ही गेलेली ऊर्जा सहजी जाणवत नाही, आणि ती कुठे गेली हा प्रश्न विद्यार्थ्याला छळत राहतो.

वर चढताना पारडं फिरतं

गोळी रुतली. आता चार किलोंची जोडी सेकंदाला एक मीटर वेगाने निघाली आहे, पण ती अजून जवळजवळ तळाशीच आहे. इथून पुढचा झोका सुमारे पाऊण सेकंदाचा, म्हणजे टकरीच्या चौदाशे पट लांब. एवढ्या वेळात दोरीला आणि गुरुत्वाकर्षणाला भरपूर वाव मिळतो. दोरी कलते, ठोकळ्याला मागे खेचते, आणि टोकाला तो क्षणभर थांबतो. तिथे त्याचा संवेग शून्य. टकरीत जो संवेग शाबूत होता, तो आता पूर्ण संपला. वर चढताना संवेग अक्षय्यता लावायला गेलात तर हाती काहीच येणार नाही.

ऊर्जेचं मात्र उलट होतं. ठोकळा वर्तुळाच्या कडेने चालतो, आणि दोरी त्याला नेहमी केंद्राकडे, म्हणजे चालीच्या काटकोनात ओढते. काटकोनातलं बल चालीच्या दिशेने काहीच काम करत नाही, म्हणून दोरी ऊर्जा देतही नाही, घेतही नाही. या संथ झोक्यात हवेचा अडथळा नगण्य आहे. लाकूड आता फाटत नाही, काही घासत नाही. उरतं गुरुत्वाकर्षण, आणि ते गतिज ऊर्जेचं रूपांतर उंचीच्या ऊर्जेत करतं. दोन जूल भागिले ३९.२ न्यूटन म्हणजे ०.०५१ मीटर. ५.१ सेंटिमीटर.

> चौकट: दोन पायऱ्यांचं गणित
>
> m म्हणजे गोळीचं वस्तुमान, M ठोकळ्याचं, u गोळीचा वेग, V जोडीचा वेग, h उंची, g = 9.8.
>
> पहिली पायरी, टक्कर (संवेग): m u = (m + M) V
>
> दुसरी पायरी, झोका (ऊर्जा): V² = 2 g h
>
> उलट वाचलं तर: u = ((m + M) / m) × √(2 g h)
>
> दोन पायऱ्यांना जोडणारा दुवा म्हणजे V. तो न काढता u वरून थेट h वर उडी मारली की उत्तर चुकतं.

उलट दिशेने वाचलं की वेगमापक

परीक्षेत उंची विचारतात, पण हे उपकरण जन्माला आलं ते उंचीवरून वेग काढायला. अठराव्या शतकात बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायचा कसा, हा खरोखरचा पेच होता. गोळी डोळ्याला दिसत नाही, आणि सेकंदाचे बारीक तुकडे मोजणारं घड्याळ नव्हतं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफखान्याच्या तत्त्वांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात हा लंबक मांडला, ज्याला आज बॅलिस्टिक पेंडुलम म्हणतात. कल्पना अशी, की गोळी मोजता येण्याइतकी मंद नसेल तर तिला एका जड वस्तूत अडकवून मंद करायचं. संवेग तोच राहतो, वस्तुमान शेकडो पट वाढतं, म्हणून वेग तेवढ्याच पटीने उतरतो आणि मोजण्याच्या टप्प्यात येतो. तीन वर्षांनी ऑयलरने या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं आणि स्वतःची लांबलचक टिपणंही जोडली.

रॉबिन्सचा लंबक लोखंडी होता आणि गोळी लागायच्या जागी त्याला लाकडाची फळी होती. सगळा मिळून सुमारे छप्पन पौंडांचा, आणि गोळी पौंडाचा बारावा भाग. पण उंची मोजण्यातच अडचण होती. ५.१ सेंटिमीटर उंची मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर वेगात सुमारे एक टक्क्याची, म्हणजे सेकंदाला चार मीटरची चूक येते. हलता ठोकळा टोकाला क्षणभरच थांबतो, तेव्हा एक मिलिमीटर चुकणं अगदी सहज होतं. रॉबिन्सने लंबकाच्या तळाला फीत बांधली. लंबक मागे गेला की तो फीत ओढून घेई, आणि परत आला तरी ओढलेली फीत तशीच राहत असे. ती सावकाश मोजायची.

फितीत केवळ सोय नव्हती. ती सुरुवातीच्या जागेपासून टोकापर्यंतचं सरळ अंतर दाखवते, आणि हे अंतर जोडीच्या वेगाच्या थेट प्रमाणात असतं. आपल्या ठोकळ्याची फीत ओढली जाईल सुमारे ४५ सेंटिमीटर. तिच्यात एक मिलिमीटर चुकला तर वेगातली चूक येते सेकंदाला एक मीटरहूनही कमी. उंची पाच सेंटिमीटर, फीत पंचेचाळीस. मोजायला कुठलं बरं, हे उघडच आहे.

लोखंडी लंबक ताठ असतो, हा मात्र दोरीपेक्षा वेगळा मामला आहे. दोरी आडवी ओढ देत नाही, पण ताठ सांगाडा ज्या खुंटीवर फिरतो ती खुंटी टकरीच्याच क्षणी त्याला झटका देऊ शकते. तेव्हा साधा संवेग टिकत नाही. खुंटीभोवती फिरण्याचा संवेग टिकतो, आणि गोळी खुंटीपासून किती खाली लागली हेही हिशोबात धरावं लागतं. त्यासाठी रॉबिन्स लंबकाच्या छोट्या झोक्यांना लागणारा वेळ आधी मोजून ठेवत असे.

गोळी रुतली नाही तर

वरचं सूत्र गोळी रुतली असेल तरच चालतं. ठोकळा पातळ असेल आणि आपली ४०० ची गोळी त्याला भेदून १५० च्या वेगाने बाहेर पडली, तर ती आपला पूर्ण संवेग देत नाही. ठोकळ्याला मिळतो ०.०१ गुणिले २५० एवढाच संवेग, आणि तो चढतो फक्त दोन सेंटिमीटर. ठोकळा पोलादी असेल आणि गोळी आपटून १०० च्या वेगाने मागे उडाली, तर उलट ठोकळ्याला जास्तीचा धक्का बसतो, कारण गोळीला थांबवून शिवाय उलट फेकावं लागतं. तेव्हा उंची आठ सेंटिमीटर. सारखीच गोळी नि सारखाच ठोकळा असून दोन, पाच आणि आठ अशी तीन उत्तरं येतात. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी इथे अडखळतो. गोळीने नेमका किती संवेग दिला, हे विचारणारा अडत नाही.

प्रत्यक्ष प्रयोगात फसवणारी दुसरीच जागा असते. गोळी शिरताना लाकडाच्या ढलप्या मागे उडाल्या तर तेवढा उलटा झटका ठोकळ्याला पुढे लागतो, आणि गोळी आहे त्याहून वेगवान भासते. बंदूक फार जवळ असेल तर नळीतून सुटलेला गरम वायूच ठोकळ्याला ढकलतो. हे ओळखायचा उपाय म्हणजे गोळी न भरता नुसता बार काढून बघायचं. ठोकळा हलला तर अंतर वाढवायचं.

पण अंतर वाढवलं की आणखी काहीतरी दिसतं, आणि रॉबिन्सचा सर्वांत मोठा शोध तिथेच होता. त्याने सारख्याच बाराने लंबकावर २५, ७५ आणि १२५ फुटांवरून गोळ्या झाडल्या. वेग भरला सेकंदाला सुमारे १,६७०, १,५५० आणि १,४२५ फूट. शंभर फुटांच्या प्रवासात गोळीचा वेग सेकंदाला सुमारे अडीचशे फुटांनी मंदावत होता. या आकड्यांवरून हवेचा अडथळा काढला तर तो गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट निघतो. हवा विरळ आहे म्हणून गोळीला ती जाणवत नसेल, असं तोवर पुष्कळ तोफखानातज्ज्ञ धरून चालत आणि गोळीचा मार्ग शुद्ध परवलय मानत. सेकंदाला १,७०० फूट वेगाची गोळी पंचेचाळीस अंशांत झाडली तर त्या परवलयाच्या हिशोबाने सत्तावीस किलोमीटर जायला हवी. हवेतून प्रत्यक्षात ती या अंतराचा अगदी लहानसा भाग कापते आणि जमिनीवर येते.